दोन बारा आकडी क्रमांक आणि एक मोबाइल



मी आयुष्याची बत्तीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कामगारांची हजेरी, पगारपत्रक आणि प्रॉव्हिडंट फंडाचे कागद हे माझं काम. निवृत्त झालो तरी जुन्या ओळखीची माणसं फंडाच्या अडचणी घेऊन अजून येतात. पूर्वी ती विचारायची, "साहेब, फॉर्म कुठला भरायचा?" आता फॉर्म कुणी विचारत नाही. आता तक्रार एकच असते, "साहेब, ओटीपी येत नाही." तो ओटीपी का येत नाही, तो येण्यासाठी काय करावं लागतं आणि कुठल्या क्रमानं करावं लागतं, एवढंच आज सांगणार आहे. पैसे केव्हा आणि किती काढता येतात, हा वेगळा विषय. त्यात आज शिरत नाही.

एका माणसाची गोष्ट घेऊ. त्यांना आपण ज्ञानेश्वरराव म्हणू. खरं नाव वेगळं आहे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ते जून २००९ पासून लेथवर होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा काम सुटलं. ते गावी गेले, पिठाची गिरणी घातली आणि फंडाचा विषय मागे पडला. आता मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, फी भरायची वेळ आली, तेव्हा त्यांना फंड आठवला. तालुक्याच्या गावी एका सायबर कॅफेत गेले. तिथल्या मुलानं तीन वेळा खटपट केली आणि सांगितलं, "काका, तुमचं आधार लिंकच होत नाही." ज्ञानेश्वररावांनी मला फोन केला. त्यांच्या आवाजात भीती होती. पैसे बुडाले की काय, असं त्यांना वाटत होतं.

पैसे बुडालेले नव्हते. अडचण दुसरीच होती आणि ती समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडे बारा आकडी क्रमांक दोन आहेत. एक आधार क्रमांक, दुसरा यूएएन. २०१४ साली फंड कार्यालयानं प्रत्येक सभासदाला यूएएन द्यायला सुरुवात केली. नोकऱ्या कितीही बदला, प्रत्येक कंपनीतलं फंडाचं खातं वेगळं असलं तरी ती सगळी खाती या एकाच क्रमांकाखाली येतात. आधारची नोंद ठेवते यूआयडीएआय ही संस्था. यूएएनची नोंद ठेवतं भविष्यनिधी संघटनेचं कार्यालय. ही दोन वेगळी दप्तरं आहेत. एका दप्तरात बदल केला म्हणून दुसऱ्यात तो आपोआप होत नाही.

आधार लिंक करणं म्हणजे काय? फंडाचं दप्तर आधारच्या दप्तराला विचारतं, "या क्रमांकाच्या माणसाचं नाव हेच का? जन्मतारीख हीच का? स्त्री की पुरुष, तेही जुळतं का?" तिन्ही गोष्टी जुळल्या तर गाठ बसते. एक जरी चुकली तरी बसत नाही. शेजारचा माणूस तुम्हाला ओळखतो, पण संगणक ओळखत नाही. तो फक्त अक्षरं ताडून पाहतो.

आणि इथंच मला माझा गुन्हा कबूल केला पाहिजे. फंडाच्या दप्तरातली पुष्कळशी नावं आम्हा कारकुनांच्या हातची आहेत. आमच्या यादीत रकाना लहान असायचा. मग आम्ही आडनाव लिहायचो आणि पुढे दोन अक्षरं. ज्ञानेश्वररावांचं नाव फंडात "KADAM D P" असं होतं. आधारवर होतं "Dnyaneshwar Pandurang Kadam". माणूस तोच, पण संगणकाला हे दोघे वेगळे. इतरांची आणखी वेगळी तऱ्हा. कुणाचा ज्ञानेश्वर एकीकडे "Dny" ने सुरू होतो आणि दुसरीकडे "Gy" ने. बायकांच्या बाबतीत तर फंडात माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि बँकेत तिसरंच. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहिलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. आधारच्या नोंदणीच्या वेळी ज्यांनी फक्त वर्ष सांगितलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या नावावर एक जानेवारी पडली.

ज्ञानेश्वरराव बहात्तरच्या दुष्काळातले. त्यांच्याकडे ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला होता, १४ ऑगस्ट १९७२. फंडातही तीच तारीख होती. आधारवर मात्र ०१/०१/१९७२. म्हणजे नाव फंडात अपुरं आणि तारीख आधारवर चुकीची. दोन दप्तरांत दोन वेगवेगळ्या चुका.

सायबर कॅफेतल्या मुलानं सोपा उपाय सुचवला होता, "काका, फंडातच सगळं आधारप्रमाणे करून टाकू." मी त्यांना म्हटलं, "ज्ञानेश्वरराव, थांबा. नावापुरतं त्याचं बरोबर आहे, तारखेचं नाही." माझं सांगणं हे की, जे दप्तर सोपं वाटतं ते बदलू नये. जे चुकलं आहे ते बदलावं. नेमकं कुठलं चुकलं आहे, हे मूळ कागद सांगतो. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट यांच्याशी जे जुळत नाही, ती चूक. याला कारण आहे. ज्ञानेश्वररावांची नोकरी दहा वर्षांहून जास्त झालेली आहे. फंडाची रक्कम ते आज काढतील, पण पेन्शनचा हक्क उरतो आणि ती पेन्शन वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू व्हायची असते. फंडातली बरोबर तारीख पुसून चुकीची घातली असती, तर २०३० साली पेन्शनचा अर्ज करताना हाच घोळ पुन्हा उभा राहिला असता. तेव्हा तो निस्तरायला जुने मालक भेटतीलच असं नाही.

दुसरी सावधगिरी आधारच्या बाजूची. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे आयुष्यात एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. त्यानंतर वेगळा अर्ज करून, कारणं पटवून बदल करून घ्यावा लागतो. ती एक संधी घाईनं, चुकीची तारीख घालण्यात घालवली तर पुढे फार जड जातं.

आता मोबाइलकडे येतो. लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथं आहे. "माझा नंबर फंडात दिलेला आहे, मग ओटीपी का येत नाही?" असं विचारतात. कारण जसे बारा आकडी क्रमांक दोन, तसेच मोबाइल नंबरही दोन ठिकाणी नोंदलेले असतात. फंडाच्या दप्तरातल्या नंबरवर दरमहा किती रक्कम जमा झाली याचे संदेश येतात. पण ऑनलाइन दावा करताना "Get Aadhaar OTP" असं बटण येतं. ते दाबल्यावर जो ओटीपी निघतो, तो आधारच्या दप्तरात नोंदलेल्या नंबरवर जातो. तो नंबर तुम्ही आधार काढताना दिलेला असतो. कुणी दहा वर्षांपूर्वी, कुणी त्याहीआधी. मधल्या काळात सिमकार्ड बदललं, रिचार्ज केलं नाही म्हणून बंद पडलं. बंद पडलेला नंबर कंपनी कायम राखून ठेवत नाही. किमान ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. मग तुमचा ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो आणि तुम्ही स्वतःच्या फोनकडे बघत बसता.

आधारला कुठला नंबर आहे, हे घरबसल्या ताडता येतं. myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर "Check Aadhaar Validity" अशी सोय आहे. तिथं आधार क्रमांक घातला की नोंदलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. त्यासाठी ओटीपी लागत नाही. ज्ञानेश्वररावांनी मुलीकडून तपासून घेतलं. तीन आकडे दिसले, पण ते त्यांच्या आताच्या फोनचे नव्हते. भोसरीत असताना वापरलेल्या, केव्हाच बंद झालेल्या सिमकार्डाचे होते. सायबर कॅफेतली खटपट वाया का गेली, ते तिथंच कळलं.

म्हणून पहिलं काम आधार केंद्रात. मोबाइल नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही. केंद्रात बोटांचे ठसे द्यावे लागतात. जन्मतारखेसाठी मात्र मूळ दाखला न्यावा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून अशा बदलाचं शुल्क ७५ रुपये आहे आणि एकाच खेपेत मोबाइल आणि तारीख दोन्ही बदलली तरी ते एकदाच द्यावं लागतं. पावती मिळते, ती जपून ठेवायची. तिच्यावरच्या क्रमांकानं काम कुठवर आलं ते पाहता येतं. बदल व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. तो झाल्याची खात्री होईपर्यंत फंडाच्या बाजूला काहीही करू नका. नाहीतर दोन्हीकडची पाटी एकाच वेळी पुसलेली राहते.

नंबर देताना एक पथ्य पाळा. स्वतःचा नंबर द्या, जो तुम्ही चालू ठेवणार आहात. शेजाऱ्याचा नको, एजंटाचा नको आणि सायबर कॅफेवाल्याचा तर नकोच. "माझाच नंबर टाकतो काका, काम लवकर होईल" असं म्हणणारे भेटतात. काम होतं, पण त्यानंतरचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि खात्याची किल्ली त्याच्या हातात राहते. घरी एकच फोन असेल तर मुलाचा किंवा मुलीचा नंबर चालतो. एकच नंबर घरातल्या अनेकांच्या आधारला जोडता येतो.

तीन आठवड्यांनी ज्ञानेश्वररावांचा फोन आला, "साहेब, तारीख झाली, नंबरही झाला." आता उरलं फंडातलं अपुरं नाव. इथं लोकांनी तीन प्रकार ओळखावेत, कारण वाटा वेगळ्या आहेत.

पहिला प्रकार नव्या सभासदांचा. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ किंवा त्यानंतर मिळाला आणि तो आधारशी पडताळलेला आहे, त्यांना जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख, लिंग, आईवडिलांचं नाव यांसारख्या दुरुस्त्या सभासद पोर्टलवर स्वतःच करता येतात. मालकाची मंजुरी लागत नाही. दुसरा प्रकार त्याआधीच्या यूएएनचा, पण आधार जोडलेला. तिथं सभासदानं पोर्टलवर अर्ज करायचा आणि तो मालकाच्या मंजुरीनं पुढे जातो. याला जॉइंट डिक्लरेशन म्हणतात, म्हणजे कामगार आणि मालक दोघांनी मिळून केलेलं निवेदन.

तिसरा प्रकार ज्ञानेश्वररावांचा. यूएएन जुना आणि आधार जोडलेलंच नाही. असे लोक बहुतेक २०२१ च्या आधी नोकरी सोडलेले असतात. कारण सप्टेंबर २०२१ पासून आधार न जोडलेल्या कामगाराची वर्गणी भरणं बहुतेक मालकांना बंद झालं आणि कामावर असलेल्यांची जोडणी त्या सक्तीनं होऊन गेली. जे आधीच सुटले ते मागे राहिले. त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये नियम सोपे झाले. नाव, तारीख आणि लिंग तंतोतंत जुळत असेल तर मालक आपल्या लॉगिनमधून थेट आधार जोडून देऊ शकतो, फंड कार्यालयाची वेगळी मंजुरी लागत नाही. जुळत नसेल तर मालकानं ऑनलाइन जॉइंट डिक्लरेशन करायचं आणि ते फंड कार्यालयाकडून मंजूर व्हायचं.

ज्ञानेश्वररावांच्या सुदैवानं भोसरीचं वर्कशॉप अजून चालू होतं. ते एक दिवस काढून गेले. बरोबर आधारची प्रत, जन्माचा दाखला आणि जुनी पगाराची स्लिप नेली. यूएएन त्या स्लिपवरच सापडला. मालकांच्या हिशेबनीसानं अर्ज केला, कार्यालयानं तो मंजूर केला आणि नाव पूर्ण झालं. मग आधार जोडलं गेलं. इतक्या वर्षांपूर्वीच्या मालकाकडे जायला ज्ञानेश्वररावांना संकोच वाटत होता. पण यात उपकार नाही. ती नोंद मालकाच्या दप्तरातून गेलेली आहे आणि ती सुधारण्याची वाटही तिथूनच आहे.

कारखाना बंद पडला असेल तर? भोसरी काय, ठाणे-बेलापूर पट्टा काय, असे कितीतरी कारखाने आज नाहीत. तेव्हा जॉइंट डिक्लरेशनचा छापील अर्ज भरायचा, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीची साक्षांकित सही घ्यायची आणि फंड कार्यालयाच्या जनसंपर्क खिडकीवर तो द्यायचा. या वाटेनं वेळ जास्त लागतो आणि नोकरीचा पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो. म्हणून जुन्या स्लिपा, नेमणूकपत्र, सोडल्याचं पत्र फेकू नका.

आधार जोडल्यावर ज्ञानेश्वररावांनी unifiedportal-mem.epfindia.gov.in वर "Activate UAN" मधून आपला क्रमांक चालू केला. ओटीपी या वेळी त्यांच्याच फोनवर आला. आत गेल्यावर तीन गोष्टी पाहायच्या. "Manage" खाली "KYC" मध्ये आधार पडताळलेलं दिसतं का. "Contact Details" मध्ये फंडाच्या बाजूचाही मोबाइल आपलाच आहे का. आणि बँकेचं खातं. बँकेचं खातं चालू हवं, त्यावरचं नाव जुळायला हवं आणि आयएफएससी कोड आजचा हवा. २०१९ आणि २०२० साली बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या. देना बँकेचं खातं असलेल्यांना हे चांगलं आठवत असेल. जुन्या पासबुकावरचा कोड घातला तर पडताळणी तिथंच अडते. एप्रिल २०२५ पासून बँकखाते जोडायला मालकाची मंजुरी लागत नाही, बँकेकडून पडताळणी होते. नवीन पासबुक समोर ठेवून भरलं की झालं.

तरीही दावा करायला गेले तेव्हा पूर्ण रक्कम काढण्याचा पर्याय दिसेना. पुन्हा फोन. कारण साधं होतं. नोकरी सोडल्याची तारीख फंडात नव्हतीच. दप्तराच्या लेखी ज्ञानेश्वरराव अजून लेथवर उभे होते. ही तारीख मालक घालतो. त्यानं घातली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर सभासद स्वतः "Manage" खाली "Mark Exit" मधून घालू शकतो. पण त्यालाही आधारचा ओटीपी लागतो, म्हणजे जोडणी आधी झालेली हवी. तारीख घालताना शेवटची वर्गणी कुठल्या महिन्याची आहे ते पाहून घाला, कारण एकदा घातलेली तारीख आपल्याला सहज बदलता येत नाही.

त्यानंतर अर्ज गेला आणि पैसे बँकेत आले. मुलीची फी भरली गेली. एकूण काळ लागला सुमारे अडीच महिने. त्यातला फंड कार्यालयातला काळ थोडा. बाकीचा सगळा दोन दप्तरं एकमेकांशी बोलती करण्यात गेला.

ओटीपी येईल, आज ना उद्या येईल, असं समजून लोक बसून राहतात. पण गरज लागते तेव्हा हा अडीच महिन्यांचा अवधी हातात नसतो. दवाखान्याचं बिल तेवढं थांबत नाही. आणि सभासदच गेला तर? त्याची गाठ बसलेली नसेल, तर त्याच्या पश्चात बायकोला तेच अपुरं नाव आणि तीच चुकीची तारीख छापील अर्जावर, पुराव्यांसह निस्तरावी लागते. गाठ बसलेली असेल तर पोर्टलवरून ई-नॉमिनेशन करता येतं. वारसाचं नाव, त्याचं आधार आणि फोटो घालून ओटीपीनं सही करायची. ज्ञानेश्वररावांना मी पैसे आल्यानंतर त्याच बैठकीत हेही करायला लावलं. पेन्शन अजून उरलेली आहे ना!

तुमची गाठ बसली आहे का, हे पाहण्याची एक सोपी खूण सांगून थांबतो. यूएएन चालू केलेला असेल तर फंडात नोंदलेल्या मोबाइलवरून 7738299899 या क्रमांकावर हा संदेश पाठवा:

```
EPFOHO UAN MAR
```

यातला शेवटचा शब्द मराठीसाठी आहे. शिल्लक आणि कागदपत्रांच्या जोडणीची माहिती मराठीत आली, तर फंडाच्या बाजूला तुमचा नंबर बरोबर आहे. उत्तर आलंच नाही, तर एक तर नंबर वेगळा आहे किंवा यूएएन चालू नाही. मग आधी आधारचे शेवटचे तीन आकडे तपासा आणि तिथून सुरुवात करा. कुठं अडलंच तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत फंड कार्यालयाचा "निधी आपके निकट" हा कार्यक्रम असतो, तिथं कागद घेऊन जा. २७ तारखेला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी चौकशी करा. आणि फोनवर कुणी ओटीपी विचारला तर तो फंड कार्यालयातून बोलत नाही, एवढं धरून चाला.

नावं अपुरी लिहिणारे आम्ही होतो. ती पूर्ण करून घ्यायचं काम मात्र तुमच्यावर येऊन पडलं आहे. नोकरी चालू आहे, मालक समोर आहे, तोवर ते करून घ्या.